कुंपणाबाहेरचं उत्तर

गणित सोडवायला कुणीही शिकवतो. उत्तरावर संशय घ्यायला शिकवणारे अण्णा एकटेच.

शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक लांबोडकी खोली केलेली, पुढे फळा, मागे खिडकीशी ताईचं टेबल. ताई म्हणजे अण्णांची लेक. ती सराव परीक्षा काढायची, पेपर तपासायची, आणि अण्णांचा घसा बसला की त्यांचा तास घ्यायची. नोकरीच्या परीक्षांना बसणारी मुलं-मुली तिला ताई म्हणायची, आणि अण्णांना त्यांच्या पाठीमागे ‘कुंपणसर’ म्हणायची. अण्णांना हे ठाऊक होतं आणि ते मनातून खूश होते.

कुंपण म्हणजे अंदाज. फळ्यावर गणित लिहून झालं की अण्णा सगळ्यांना पेनं खाली ठेवायला लावत. एक माणूस एक काम बारा दिवसांत करतो, दुसरा अठरा दिवसांत. दोघं मिळून किती दिवसांत करतील? पेन नाही, सूत्र नाही, आधी कुंपण घाला. मदतीला माणूस आला म्हणजे बारापेक्षा कमीच दिवस लागणार. दोघंही चपळ असते तर बाराचे निम्मे, सहा. दोघंही मंद असते तर अठराचे निम्मे, नऊ. एक चपळ, एक मंद, म्हणजे उत्तर सहा आणि नऊच्या मध्ये कुठेतरी चरत असणार. मग खुशाल आकडेमोड करा. सात पूर्णांक दोन दशांश आलं तर आपलं वासरू आपल्या गोठ्यात. पंधरा आलं तर? "तर बारा दिवसांत एकट्याने करणारा पहिला माणूस दुसऱ्याचं तोंड बघून रडत बसला असेल," असं अण्णा म्हणत, आणि वर्ग हसे.

नुसतं सांगून भागत नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून मधूनच ते फळ्यावर मुद्दाम चुकीचं उत्तर लिहीत आणि पुढचं गणित घेत, जसं काही घडलंच नाही. कुणी हात वर करून उत्तर कुंपणाबाहेर असल्याचं सांगितलं की अण्णा खडू उंच धरून म्हणत, "शाब्बास, पकडलं." मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. कुणीच पकडलं नाही तर तास संपता संपता अण्णा त्या उत्तराभोवती गोल काढत आणि सबंध वर्गाला मेंढरं म्हणत. हा खेळ इतकी वर्षं चालला होता की जुनी मुलं नव्यांना आल्या आल्या सांगून ठेवत, सरांच्या फळ्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका.

ताईला मुद्दाम केलेली चूक मागच्या टेबलावरून, फळ्यावरचं गणित न वाचताही कळायची. अण्णांना हसू आवरायचं नाही. खिशात गोळी लपवलेल्या पोरासारखे त्यांचे ओठ आवळलेले असायचे, आणि चुकीचा आकडा लिहून झाल्यावरही ते जरा वेळ वर्गाकडे पाठच ठेवायचे.

म्हणूनच त्या दिवशी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

गणित अगदी नेहमीचं. एक मोटार जाताना ताशी साठ किलोमीटरने गेली, येताना त्याच रस्त्याने चाळीसने आली, तर सरासरी वेग किती? कुंपण वर्गानेच घातलं: चाळीसच्या वर आणि पन्नासच्या खाली. रस्ता तेवढाच, पण हळू येताना वेळ जास्त गेला, म्हणजे हळू वेगाचं वजन जास्त, म्हणून उत्तर मधल्या पन्नासवरून खाली चाळीसकडे झुकलेलं असणार. अण्णांनी मान डोलावली, कुंपण फळ्यावर लिहिलं, खाली साठ आणि चाळीसची बेरीज केली, निम्मे केले, आणि पन्नासखाली दुहेरी रेघ ओढली.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. हिला सगळे लांबवेणी म्हणत. वयाची अट संपत आलेली, परीक्षेची ही तिची शेवटची खेप. घरून स्पष्ट सांगून झालं होतं की यंदा नाही तर पुस्तकं रद्दीत. ती म्हणाली की उत्तर अठ्ठेचाळीस यायला हवं.

अण्णांनी वळून आधी तिच्याकडे बघितलं, फळ्याकडे नाही. वर्ग वाट बघत होता. मग खडू वर गेला, शाब्बास झालं, टाळ्या झाल्या. पण अण्णांच्या ओठांवर हसू नव्हतं, आधीही नव्हतं आणि नंतरही आलं नाही. टाळ्या चालू असताना ते त्या पन्नासकडे अनोळखी माणसाने नाव घेऊन हाक मारावी तसे बघत होते.

ताईने स्वतःची समजूत घातली. उकाडा होता, सलग तिसरा तास होता, माणूस आहे, थकतो. मन समजूत मागतं तेव्हा समजुतींना काय तोटा! पण त्या दिवसापासून ती पेपर तपासायचे सोडून फळ्यावर डोळा ठेवू लागली. आणि डोळा ठेवला की दिसतंच. आठवड्याला एखादी चूक व्हायची, मग दोन. दर वेळी कुणीतरी पकडायचं, दर वेळी खडू वर जायचा. मुलं तर खूश होती. परीक्षा जवळ आली म्हणून सर जास्त सापळे लावतायत, असं त्यांचं ठाम मत होतं. लांबवेणीने तर ताईला जिन्यात गाठून सांगितलं की सरांचे सापळे अलीकडे फार बेमालूम झालेत, हसतसुद्धा नाहीत. ताई त्यावर हसली, आणि हसल्याबद्दल दिवसभर स्वतःवर चिडली.

खरा धक्का सराव परीक्षेचे पेपर तपासताना बसला. एकशेऐंशी मीटर लांबीची गाडी, ताशी चोपन्न किलोमीटर वेग, एकशेवीस मीटरचा प्लॅटफॉर्म ओलांडायला किती सेकंद? निम्म्याहून अधिक पेपरांत एकच उत्तर होतं, बारा सेकंद. पहिल्या दोन-तीन पेपरांवर ताईने बाजूला लिहिलं, ‘कुंपण कुठे आहे?’ ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. चोपन्न म्हणजे त्याहून जरा कमी. गाडी आणि प्लॅटफॉर्म मिळून तीनशे मीटर, किलोमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी, म्हणजे उत्तर वीस सेकंदांच्या आसपास. बारा सेकंदांत ही गाडी एखादा खांब ओलांडेल. खांबाला जेवढा वेळ लागतो तेवढाच प्लॅटफॉर्मला कसा लागेल? एवढी ढोबळ चूक एका-दोघांनी केली तर समजू शकतं. निम्मा वर्ग एकाच खड्ड्यात कसा पडला?

तिने लांबवेणीला बोलावून विचारलं. मुलगी गोंधळली. म्हणाली, ताई नव्हती त्या दिवशी सरांनी वर्गात तसंच सोडवलं होतं. तिला स्वतःला तेव्हा खटकलं होतं, पण कुणी काही बोललं नाही आणि तासाच्या शेवटी सरांनी गोल काढला नाही. गोल काढला नाही म्हणजे बरोबरच असणार.

इतके दिवस ताई पकडलेल्या चुका मोजत होती. न पकडलेल्यांचं काय? खेळ असता तर अण्णांनी तासाच्या शेवटी मेंढरं म्हटलं असतं. त्यांनी म्हटलं नव्हतं, कारण चूक झाली आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलंच नव्हतं. आणि मुलं शहाणी, विश्वासू, त्यांनी न काढलेल्या गोलावर भरवसा ठेवून खोटं गणित पाठ केलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?

तिने बारा सेकंदवाल्यांना बोलावून ते एक गणित पुन्हा समजावलं. कुठे चुकलं ते सांगितलं, कुणाचं चुकलं ते नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग रिकामा असताना ती अण्णांच्या समोर जाऊन बसली. पुढच्या पेपरासाठी एक गणित बघून द्या, म्हणाली. टाकी भरणारा नळ सहा तासांत टाकी भरतो, तळाचा नळ भरलेली टाकी आठ तासांत रिकामी करतो. दोन्ही उघडे ठेवले तर रिकामी टाकी किती तासांत भरेल?

अण्णांनी चष्मा चढवला. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. "आधी कुंपण. एकटा नळ सहा तास घेतो. खालून पाणी जातंय, म्हणजे सहाच्या वर. आणि जाणारं पाणी येणाऱ्याच्या जवळपास आहे, तेव्हा सहाच्या बरंच वर."

ताईचा जीव भांड्यात पडला. एवढं नीट सांगणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय?

मग त्यांनी कागद ओढला. एक षष्ठांश, एक अष्टमांश. छेद समान केले, चार चोविसांश आणि तीन चोविसांश, कुठे खोड नाही, कुठे हात अडखळला नाही. वजा करायच्या जागी त्यांनी बेरीज केली. सात चोविसांश. उलटं केलं, भागाकार केला, आणि सुबक अक्षरात लिहिलं: तीन पूर्णांक तीन सप्तमांश तास. शेजारी बरोबरची खूण केली.

"अण्णा, कुंपण काय होतं?"

"सहाच्या वर."

"आणि उत्तर?"

"तीन पूर्णांक तीन सप्तमांश."

दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच शांतपणे म्हटली. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता ते थबकतील, आता कपाळावर हात मारतील, आता तिलाच पकडलं म्हणतील. अण्णांनी कागद तिच्याकडे सरकवला आणि पेनाला टोपण लावलं. पाढे शाबूत होते, अपूर्णांक शाबूत होते, कुंपणसुद्धा शाबूत होतं. कुंपण आणि उत्तर एकमेकांकडे बघत नव्हते, एवढंच. चोर घरात शिरला होता आणि राखणदार जागा होता. फक्त चोर म्हणजे काय हे तो विसरला होता.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. तिला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. आपण फार मोठी बातमी सांगतोय असं ताईला वाटत होतं, आणि बातमी आईकडे केव्हाच पोचलेली होती. आई म्हणाली की हल्ली ते बाजारात ठरल्यापेक्षा चौपट सामान उचलतात आणि एवढं तीन माणसांना कसं संपेल असं विचारलं की छान हिशेब करून दाखवतात. परवा बँकेत अर्ध्या तासाचं काम म्हणून निघाले, आणि वाटेत लागणारा वेळच तासाचा आहे हे कबूल करून पुन्हा अर्ध्या तासात येतो म्हणाले. ती भांडली नाही. भांडून काय होणार होतं?

ताई म्हणाली की डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि त्याआधी अण्णांनी शिकवणं थांबवायला हवं. निदान या परीक्षेपुरतं. मुलांची वर्षं आहेत, एकीची तर शेवटची खेप आहे.

"डॉक्टरांना दाखवू," आई म्हणाली. "पण परीक्षा होऊन जाऊ दे. वर्गात आहेत तोवर ते अण्णा आहेत. खडू काढून घेतलास तर घरी कोण येईल ते मला माहीत नाही. झाकली मूठ राहू दे गं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मूठ अण्णांची आणि सव्वा लाख त्या पोरांचे, त्याचं काय? हे ताईच्या ओठांवर आलं होतं. आईने भाजीतली कोवळी पानंही देठांबरोबर टाकून दिली होती ते तिने पाहिलं आणि खाली बसून ती पानं वेचू लागली.

मग ती पहारा करू लागली. अण्णांचा तास असला की मागच्या टेबलाशी डोळ्यांत तेल घालून बसायची. चूक झाली आणि कुणी बोललं नाही तर स्वतः खोकायची, किंवा लांबवेणीकडे बघायची, की ती हात वर करायची. लांबवेणीला वाटे ताई तिला परीक्षेसाठी तयार करतेय. अण्णांना काय वाटे कोण जाणे. पण खोकला आला की ते थांबत आणि फळ्याकडे न बघताच खडू वर करत. हे ताईच्या उशिरा लक्षात आलं. त्यांना चूक दिसत नव्हती. खोकल्याचा अर्थ टाळ्या, एवढंच ते शिकले होते. म्हणजे आपण कुठेतरी घसरतोय, एवढं त्यांना आतून कळत होतं, आणि ते झाकायला ते तिचाच आधार घेत होते.

परीक्षेआधीचा शेवटचा तास उजळणीचा होता. वर्ग खचाखच भरलेला, जिन्यातही दोघं-तिघं उभे. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. एक भिंत एक गवंडी दहा दिवसांत बांधतो, दुसरा पंधरा दिवसांत. पेनं खाली. कुंपण वर्गाने एका सुरात घातलं, पाच ते साडेसात, आणि अण्णांनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग खाली दहा आणि पंधराची बेरीज केली, निम्मे केले, साडेबारा दिवस लिहिलं, दुहेरी रेघ ओढली, आणि डावीकडे सरकून पुढचं गणित लिहायला लागले.

वर्गात खुसखुस सुरू झाली. उत्तर सहा, हे शेवटच्या बाकावरचं पोरही सांगू शकत होतं. मुलं एकमेकांना ढोसत होती, कोण पकडतो म्हणून. ताईने खोकायचं ठरवलं. घसा साफ केलाही. पण आज गर्दीमुळे लांबवेणी तिच्या टेबलापुढेच बसली होती, तिच्या वहीवर नजर गेली आणि ताई थिजली. मुलगी हात वर करत नव्हती. ती मान खाली घालून साडेबारा लिहून घेत होती, आणि बाजूला पाच ते साडेसात खोडत होती. शेवटच्या तासाला सर मुद्दाम कशाला चुकतील, असंच तिला वाटलं असणार. पाच महिने जे कुंपण तिने राखलं, ते अण्णांच्या शब्दाखातर तिने मोडलं होतं.

ताई उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि माना वळल्या.

"हे उत्तर चुकलंय," ती म्हणाली. "आणि हा खेळ नाही. सर खरोखर चुकलेत. मागच्या महिन्यातही चुकलेत, ते प्लॅटफॉर्मचं गणित त्यांचंच चुकलं होतं. बरेच दिवस चुकतायत. तुम्ही त्यांचं काही उतरवून घेतलं असेल तर घरी जाऊन सगळ्याला कुंपण घालून बघा. जे बाहेर पडेल ते खोडा. माझ्याकडे या, मी पुन्हा करून देईन."

खालून शिंप्याचं मशीन तेवढं ऐकू येत होतं. लांबवेणी ताईकडून अण्णांकडे आणि अण्णांकडून फळ्याकडे बघत होती. ताईचं मन हलकं झालं होतं. सांगून झालं होतं. आता जे व्हायचं ते होवो.

अण्णा पाठमोरे उभे होते. ते सावकाश वळले. खडू वर गेला.

"शाब्बास," ते म्हणाले. "पकडलं."

आणि वर्ग फुटला. एवढा मोठा सापळा, आणि त्यात ताईही सामील! बाकांवर हात आपटले, शिट्ट्या वाजल्या, जिन्यातली पोरं आत घुसली. लांबवेणीने सुटकेचा श्वास टाकला आणि हसत हसत टाळ्या वाजवू लागली. सर जाता जाता काय शिकवून गेले, असं कुणीतरी मागून ओरडलं. ताई हातांनी थांबवत होती, नाही नाही म्हणत होती, आणि जितकी ती नाही म्हणत होती तितकं हसू वाढत होतं.

ती माणसांतून वाट काढत फळ्यापर्यंत पोचली. अण्णा खडू अजून वरच धरून उभे होते. चेहरा हसरा होता, डोळे हसत नव्हते. ते तिच्याकडे झुकले आणि टाळ्यांच्या आडून, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलले.

"कुठलं चुकलं गं?"

तिने साडेबारावर बोट ठेवलं. "अण्णा, दहा दिवसांत एकटा बांधतो. मदतीला दुसरा आला. मग दोघांना दहापेक्षा जास्त दिवस लागतील का?"

अण्णांनी भिंतीच्या गणिताकडे नीट बघितलं. त्यांनी प्रामाणिकपणे, मनापासून विचार केला, हे तिला दिसत होतं. टाळ्या थांबत नव्हत्या.

"लागतीलही," ते म्हणाले. "कशी माणसं आहेत त्यावर आहे."